बीबी का मकबरा आणि ताजमहाल: साम्य दर्शनी भागाचे, फरक आखणीचा

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, बीबी का मकबऱ्याविषयी लिहिताना 'ताजमहालाची प्रतिकृती' हे शब्द आल्याशिवाय राहत नाहीत. 'गरिबांचा ताज' हे त्याहून वाईट विशेषणही ठरलेलेच असते. समोरून पाहिल्यास साम्य नाकारण्यासारखे नाही. उंच चौथरा, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार, मधोमध संगमरवरी घुमट आणि त्यासमोर सरळ रेषेत आलेले पाणी, हे सर्व आग्र्याहूनच आलेले आहे. मकबऱ्याच्या दारावर नाव कोरलेला स्थपती अताउल्लाह हा ताजशी जोडल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा होता. ताज सर्वांगाने संगमरवरी आहे, तर येथे बऱ्याच भागावर गिलावा आहे, हा फरक तर प्रत्येक मार्गदर्शक सांगतो, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. सांगायला हवे ते जमिनीवरच्या आखणीविषयी, कारण आखणीच्या दृष्टीने बीबी का मकबरा ताजमहालाची नक्कल नाही. त्याची रचना ताजच्याही आधीच्या, हुमायूनच्या मकबऱ्याच्या पद्धतीची आहे.

या सर्व मकबऱ्यांची आखणी चारबागेची, म्हणजे चार भागांत विभागलेल्या मुघल बागेची आहे. तिचा सांगाडा थोडक्यात असा असतो. भिंतींनी बंदिस्त केलेल्या आवारात दोन अक्ष काटकोनात छेदतात. त्यांवरून उंच फरसबंद वाटा जातात, वाटांच्या मध्यातून पाण्याचे पाट वाहतात, आणि उरलेल्या चार चौकोनांचे पुन्हा लहान चौकोन पाडलेले असतात. वाफे वाटांपेक्षा खाली ठेवलेले असतात. अक्षाला कोठेतरी संपावे लागते, म्हणून त्याच्या टोकाला दरवाजा किंवा बारादरी, म्हणजे खुला मंडप, येते. अकबराच्या सिकंदऱ्यातल्या मकबऱ्यात खरा दरवाजा फक्त दक्षिणेला आहे आणि उरलेल्या तीन टोकांना दरवाजासारख्या दिसणाऱ्या बंद इमारती केवळ समतोल राखण्यासाठी उभारलेल्या आहेत. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. गोंधळ होतो तो पुढच्या प्रश्नावर: दोन अक्ष जेथे छेदतात, तेथे काय ठेवायचे?

दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्यात याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. तेथे छेदबिंदूवर खुद्द इमारत आहे. हुमायूनची विधवा बेगा बेगम हिने उभारलेल्या आणि मीरक मिर्झा गियासने आखलेल्या या मकबऱ्याकडे चारही दिशांनी वाटा आणि पाट येतात. पाणी चौथऱ्यापाशी दिसेनासे होते आणि पलीकडच्या बाजूला त्याच रेषेत पुन्हा प्रकट होते, त्यामुळे ते इमारतीच्या खालून वाहत असावे असा भास होतो. दक्षिण आणि पश्चिम टोकांना दरवाजे, पूर्वेला बारादरी आणि उत्तरेला हमाम आहे. या शतकाच्या सुरुवातीला बागेची दुरुस्ती झाली तेव्हा पाटांना ४० मीटरमागे अवघा १ सेंटिमीटर उतार द्यावा लागला, इतके हे पाणी संथ अपेक्षित होते. येथे इमारतीला 'मागची बाजू' नाही; कोणत्याही दिशेने गेलात तरी बाग समोर येते, आणि चारही दर्शने सारख्याच तोलाची आहेत.

ताजमहालात नेमके हेच बदलले. सुमारे ३०० मीटरच्या चौरस बागेत अक्ष जेथे छेदतात, तेथे कबर नसून संगमरवरी हौद आहे. पाणी अडत नाही, तेथे एकत्र येते. आडव्या अक्षाच्या टोकांना पूर्व-पश्चिम भिंतींत मंडप आहेत, पण त्यांच्याकडे फारसे कोणी वळतही नाही, कारण सगळी नजर दक्षिण दरवाजापासून उत्तरेकडे धावते. मकबरा बागेच्या उत्तर कडेला, यमुनेवरच्या उंच ओट्यावर आहे, आणि त्याच्या दोन बाजूंना मशीद व तिचा जवाब ठरणारी तशीच दुसरी इमारत आहे. हा मकबऱ्यांसाठी शोधलेला नमुना नव्हे. आग्र्यात यमुनेच्या दोन्ही काठांवर बादशहा, शहजादे आणि अमीर यांच्या राहण्याच्या बागा होत्या. त्यांत मुख्य महाल वारा आणि नदीचे दृश्य मिळावे म्हणून पाण्यालगत बांधत आणि चारबाग जमिनीकडच्या बाजूला सोडत. शाहजहानने निवासाचा हा नमुना कबरीसाठी वापरला.

यावर एक आक्षेप हमखास येतो. नदीपलीकडे ताजच्याच अक्षावर मेहताब बाग आहे, म्हणून दोन्ही बागा एक धरल्या आणि यमुनेलाच आडवा पाट मानले, तर ताज मध्यभागी आला, असे सांगितले जाते. कल्पना मोहक आहे आणि दोन बागांचे नाते खरे आहे, पण तिच्यामुळे आखणीचा मूळ फरक पुसला जाऊ नये असे माझे ठाम मत आहे. मेहताब बागेतही मुख्य जागा, म्हणजे अष्टकोनी हौदाचा ओटा, नदीकाठालाच आहे; तीसुद्धा नदीकाठच्या नियमानेच आखलेली स्वतंत्र बाग आहे. शिवाय मध्यवर्ती मकबऱ्याची खूण ही की अक्षावरून चालत त्याच्या चारही बाजू गाठता येतात. ताजच्या मागे गेलात की कठडा लागतो आणि खाली नदी असते.

या दोन्ही बागा औरंगजेबाला चांगल्या परिचयाच्या होत्या. १६५२ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर येताना त्याने आग्र्याहून शाहजहानला पत्र लिहिले, त्यात ताजची गळती आणि पुरात बुडालेली मेहताब बाग यांची तक्रार आहे. पुढे १६५७ मध्ये त्याची बेगम दिलरास बानू औरंगाबादेत वारली. शहजादा आझमशाहच्या नावावर सांगितला जाणारा तिचा मकबरा १६६०-६१ च्या सुमारास पुरा झाला. दारावरच्या लेखात अताउल्लाहबरोबर हंसपतराय याचेही नाव आहे.

येथे आवार उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम २७५ मीटर, म्हणजे चौरस नसून लांबट आहे, आणि मकबरा त्याच्या मधोमध आहे. दक्षिणेच्या दरवाजातून आत आल्यावर पुढचा पाट आणि मिनार एका दृष्टिक्षेपात येतात; नजर फसते ती येथेच, कारण हे दृश्य ताजचेच आहे. बहुतेक पाहुणे चौथऱ्यावर चढून, कबर पाहून त्याच वाटेने परततात. त्यांनी इमारतीला वळसा घालून उत्तरेकडे जावे. नदीऐवजी तेथे पुढच्याइतकीच मोठी बाग आहे, आणि तिच्या टोकाला भिंतीच्या मध्यावर बारादरी आहे. तशाच बारादऱ्या पूर्व आणि पश्चिम भिंतींवरही आहेत. दक्षिणेला दरवाजा आणि उरलेल्या तीन दिशांना बारादऱ्या, म्हणजे चारही अक्षांना टोक आहे आणि छेदबिंदूवर कबर आहे.

पश्चिमेची बाजू मात्र जपून वाचावी लागते. तेथील मशीद निजामाच्या काळात वाढवलेली आहे, आणि तिच्यामुळे त्या बाजूचा प्रवेश बंद झाला. ताजच्या मशिदीची आठवण होऊन काही जण तिला मूळ रचनेचा भाग समजतात. पण पूर्वेला तिचा जवाब नाही, एवढे पाहिले तरी ती नंतरची असल्याचे लक्षात येते.

'बीबीच्या मकबऱ्याजवळ मोठी नदी नव्हती, म्हणून नाइलाजाने तो मध्ये बांधला' असेही सांगितले जाते, तेही मला पटत नाही. आग्र्यातच यमुनेच्या काठावर नूरजहानने आपल्या वडिलांसाठी, इतमाद-उद्-दौलासाठी, मकबरा बांधला. नदी भिंतीला लागून असूनही तिने कबर बागेच्या मधोमधच ठेवली आणि पाण्याच्या कडेला फक्त एक मंडप उभारला.