डिमॅट खाते आणि सेटलमेंट

कंपनीचे शेअर कागदी प्रमाणपत्राऐवजी डिपॉझिटरीच्या, म्हणजे शेअरची खातेवही सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संगणकीय नोंदीत ठेवणे म्हणजे डिमॅट. सौदा झाल्यावर त्या नोंदीत आणि बँकेत प्रत्यक्ष फेरबदल होऊन व्यवहार पुरा होतो, त्याला सेटलमेंट म्हणतात. ‘शेअर घेतला’ असे आपण सौद्याच्या क्षणी म्हणतो, पण त्या क्षणी फक्त घेण्याचा आणि देण्याचा करार झालेला असतो. मालकी बदलते ती सेटलमेंटला.

भारतात दोन डिपॉझिटरी आहेत आणि दोन्ही मुंबईतल्या. डिपॉझिटरी कायदा १९९६ साली झाला, त्याच वर्षी एनएसडीएल सुरू झाली. सीडीएसएल १९९९ मध्ये आली. त्याआधी शेअर विकायचा तर प्रमाणपत्रासोबत सही केलेला हस्तांतरण अर्ज द्यावा लागे. तो दलालांच्या हातून फिरत कंपनीच्या निबंधकाकडे जाई आणि सही जुळत नाही म्हणून कित्येकदा परतही येई. याला बाजारात ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. खोटी आणि चोरीची प्रमाणपत्रे हा वेगळाच ताप होता. डिमॅटमध्ये शेअरला स्वतंत्र क्रमांक उरत नाही. बँकेतल्या रुपयांसारखे एका कंपनीचे सगळे समान शेअर एकसारखे, एकाच आयएसआयएन या बारा अक्षरी ओळख-संकेताखाली मोजले जातात.

गुंतवणूकदार थेट डिपॉझिटरीकडे जात नाही. खाते उघडून देतो तो डीपी, म्हणजे डिपॉझिटरी पार्टिसिपंट; बहुतेकदा आपला ब्रोकर किंवा बँकच. डीपी हा फक्त खिडकीवरचा माणूस, खातेवही डिपॉझिटरीची. कायद्याने हस्तांतरणापुरती नोंदणीकृत मालक डिपॉझिटरी असते, पण मतदान, लाभांश, बोनस हे सगळे हक्क खातेदाराचे, आणि त्याचे नाव डिपॉझिटरीच्या नोंदीत असते. अमेरिकेत सामान्य ग्राहकाचे शेअर सहसा ब्रोकरच्या नावाखाली एकत्र ठेवलेले असतात आणि कोणाचे किती हे ब्रोकरच्या वहीतच कळते. आपल्याकडे तसे नाही. ब्रोकर बुडाला तरी शेअर कोणाचे हा प्रश्न उरू नये, ही या रचनेतली खरी मेख आहे.

आता एक सौदा पाहू. सांगलीच्या एका बाईंनी सोमवारी एका कंपनीचे १०० शेअर प्रत्येकी ५४० रुपयांना घेतले. शेअर बाजाराच्या यंत्रणेत त्यांची मागणी नागपूरच्या कोणा विक्रेत्याशी जुळली, पण दोघांचा एकमेकांशी संबंध तिथेच संपतो. मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी राहते. ती खरेदीदारासाठी विक्रेता होते आणि विक्रेत्यासाठी खरेदीदार. समोरचा पक्ष बुडाला तरी सौदा पुरा करण्याची जबाबदारी तिची. त्यासाठी ती आधीच मार्जिन, म्हणजे अनामत, घेते आणि वेगळा हमीनिधी ठेवते.

सोमवारी बाजार बंद झाल्यावर क्लिअरिंग कॉर्पोरेशन वजाबाकी करते. एखाद्या ब्रोकरच्या ग्राहकांनी मिळून त्या कंपनीचे १,००० शेअर घेतले आणि ७०० विकले असतील, तर त्या ब्रोकरचे येणे निव्वळ ३०० शेअरचे. पैशांचेही तसेच. मंगळवारी सकाळी विक्रेत्याच्या डिमॅटमध्ये रोखून ठेवलेले शेअर आणि खरेदीदारांच्या ब्रोकरांचे पैसे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जमा होतात, हे पे-इन. त्याच दिवशी शेअर आणि पैसे ज्याचे त्याला पोहोचतात, ते पे-आउट. पूर्वी हे शेअर ब्रोकरच्या सामाईक पूल खात्यात येत आणि तिथून ग्राहकाकडे जात. २०२५ पासून ते थेट ग्राहकाच्या डिमॅटमध्ये जमा होतात.

सौद्यानंतर कामकाजाच्या एका दिवसात सेटलमेंट, म्हणून याला टी+१ म्हणतात. २००२ मध्ये हे अंतर तीन दिवसांचे होते, २००३ मध्ये दोन दिवसांचे झाले आणि २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी+१ वर आले. यातला ‘दिवस’ मात्र सेटलमेंटचा दिवस आहे, बाजाराचा नव्हे, आणि नेमका हा फरक महाराष्ट्रात दिसतो. शिवजयंतीला राज्यात बँका बंद असतात. १९ फेब्रुवारी २०२५ रोजी, बुधवारी, शेअर बाजार चालू होता पण सेटलमेंट नव्हते. त्यामुळे मंगळवारी, १८ तारखेला घेतलेले शेअर गुरुवारी, २० तारखेला जमा झाले आणि बुधवारच्या सौद्यांचे सेटलमेंटही त्याच गुरुवारी झाले. मंगळवारी विकून बुधवारी पैशांची वाट पाहणाऱ्याला ब्रोकरने अडकवले असे वाटते. प्रत्यक्षात ती कॅलेंडरची बाब असते.

विक्रेत्याने शेअर दिलेच नाहीत तर? हे वाटते त्यापेक्षा सहज घडते. नागपूरच्या विक्रेत्याकडे शेअर नव्हतेच असे समजा. दिवसभरात भाव पडेल, मग परत घेऊ, या हिशेबाने त्याने ५४० ला विकले. पण भाव वर गेला आणि ५५० वर अप्पर सर्किट, म्हणजे त्या दिवसाची भाववाढीची मर्यादा, लागले. विकणारा कोणी उरला नाही, त्याला परत घेता आले नाही. मंगळवारी पे-इनला १०० शेअर कमी पडले. अशा वेळी क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑक्शन करते, म्हणजे बाजारातून तेवढे शेअर वेगळ्याने विकत घेते, आणि बुधवारी ते सांगलीच्या बाईंच्या खात्यात येतात. वाढीव किंमत आणि दंड नागपूरकराच्या माथी.

ऑक्शनमध्येही कोणी विकायला आले नाही तर शेअर मिळत नाहीत, रोख रक्कम मिळते. सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा सर्वोच्च भाव, किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावापेक्षा २० टक्के जास्त, यांतला जो मोठा तो धरला जातो. मंगळवारी बंद भाव ५६० असेल तर २० टक्के वर म्हणजे ६७२. विक्रेत्याला शेअरमागे १३२ रुपये, म्हणजे १०० शेअरवर १३,२०० रुपये भुर्दंड. बाईंना पैसे चांगले मिळाले, पण शेअर हवे होते ते मिळाले नाहीत. आणि सोमवारी घेतलेले शेअर हाती येण्याआधीच मंगळवारी त्यांनी विकले असते, तर हीच टंचाई त्यांच्यावर उलटून त्यांनाच ऑक्शनला तोंड द्यावे लागले असते. आज घेऊन उद्या विकण्याच्या सवयीतला हा धोका बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतो.

विक्रेता आणि खरेदीदार एकाच ब्रोकरचे असले की वरच्या वजाबाकीत त्यांचा सौदा गळून जातो, आणि टंचाई क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या हिशेबात दिसतच नाही. पूर्वी प्रत्येक ब्रोकर ती आपापल्या नियमाने मिटवी. थेट जमा पद्धत आल्यावर त्यासाठीही ऑक्शनचीच वाट ठरवून दिली आहे.

राहिला ब्रोकरच्या गैरवापराचा प्रश्न. ग्राहकांनी दिलेल्या कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर ब्रोकर त्यांचे शेअर हलवू शकत होता. कार्व्ही स्टॉक ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या नावच्या डिमॅट खात्यात नेऊन कर्जासाठी तारण ठेवल्याबद्दल शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २२ नोव्हेंबर २०१९ रोजी हंगामी आदेश काढला. पुढच्याच महिन्यात ८२ हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत वळवले गेले. आता मार्जिनसाठी गहाण ठेवलेले शेअर ग्राहकाच्याच डिमॅटमध्ये राहतात, फक्त त्यांवर तारणाची खूण होते. कुलमुखत्यारपत्राच्या जागी डीडीपीआय हे मर्यादित अधिकारपत्र आले आहे. ते दिले नसेल तर सीडीएसएलच्या खातेदाराला विकताना टीपिन हा गुप्त क्रमांक आणि ओटीपी टाकून स्वतः मंजुरी द्यावी लागते.

ब्रोकरच्या ॲपमधला होल्डिंगचा आकडा हा ब्रोकरने दाखवलेला आकडा असतो. त्यात अजून जमा न झालेली कालची खरेदीही असू शकते. डिपॉझिटरी स्वतः जे एकत्रित खातेविवरण ईमेलवर पाठवते, त्यातला आकडा खातेवहीतला. दोन्ही जुळत नसतील तर आधी मधला सेटलमेंटचा दिवस मोजावा, आणि तरीही फरक राहिला तर डीपीकडे लेखी विचारणा करावी.