काम बाणावर की नोडवर? स्लॅबच्या एका तक्त्यातून दोन आकृत्या

घराचा स्लॅब ओतण्यापूर्वी कोणते काम कोणासाठी थांबते, हे कंत्राटदाराच्या डोक्यात पक्के असते. हेच ज्ञान कागदावर उतरवले की त्याला पूर्वक्रम तक्ता म्हणतात. त्यात प्रत्येक कामापुढे त्याला लागणारे दिवस आणि त्याच्या लगेच आधी पूर्ण व्हायलाच हवीत अशी कामे लिहिलेली असतात. पुढील तक्त्यातले दिवस आपण उदाहरणापुरते धरले आहेत.

| काम | वर्णन | दिवस | लगेच आधीची कामे |
|---|---|---|---|
| अ | सेंटरिंग ठोकणे | 4 | नाही |
| ब | सळई कापून वाकवणे | 6 | नाही |
| क | पंख्यांचे डबे सेंटरिंगवर बसवणे | 1 | अ |
| ड | सळयांची जाळी बांधणे | 3 | अ, ब |
| इ | जाळीतून विजेचे पाइप टाकणे | 1 | क, ड |
| फ | काँक्रीट ओतणे | 1 | इ |

या तक्त्याची नेटवर्क आकृती दोन प्रकारे काढता येते. पहिल्या प्रकारात काम म्हणजे बाण, आणि बाणांच्या टोकांना असलेली वर्तुळे म्हणजे घटना, अर्थात काही कामे संपून पुढची सुरू होऊ शकतात तो क्षण. दुसऱ्या प्रकारात काम म्हणजे नोड, म्हणजेच एक चौकट, आणि बाण फक्त ‘हे झाल्यावर ते’ एवढेच सांगतो.

दुसरा प्रकार काढणे इतके सरळ आहे की त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. सहा कामांच्या सहा चौकटी काढाव्यात आणि शेवटच्या स्तंभातील प्रत्येक अक्षरासाठी एक बाण ओढावा: अ कडून क, अ आणि ब कडून ड, क आणि ड कडून इ, इ कडून फ. तक्त्यात अशी सहा अक्षरे आहेत, म्हणून बाणही सहाच आले पाहिजेत. मोजणी जुळली नाही तर काही तरी सुटले किंवा वाढले, हे तिथेच कळते. अ आणि ब यांच्या आधी काहीच नसल्यामुळे त्यांना ‘सुरुवात’ नावाच्या शून्य दिवसांच्या चौकटीशी जोडण्याची पद्धत आहे, मात्र ते दोन बाण या मोजणीत धरायचे नाहीत.

बाणांवर काम दाखवायला लागलो की खरी परीक्षा सुरू होते. ‘ड’ साठी अ आणि ब दोन्ही हवीत, म्हणून नवखा माणूस अ आणि ब हे दोन्ही बाण एकाच वर्तुळात आणून सोडतो. मग ‘क’ ला ‘अ’ च्या शेवटापासून निघायचे असल्यामुळे तोही त्याच वर्तुळातून काढला जातो. आकृती नीटनेटकी दिसते, पण ती आता असे म्हणते की सळई वाकवून झाल्याशिवाय पंख्यांचे डबे बसवता येणार नाहीत. तक्त्यात असे कुठेही लिहिलेले नाही.

यावर उपाय म्हणजे डमी काम. ते तुटक रेषेच्या बाणाने दाखवतात. त्याला वेळ लागत नाही आणि मजूरही लागत नाहीत, ते फक्त अवलंबन पुढे पोहोचवते. आपल्या आकृतीत घटना 1 पासून ‘अ’ निघून घटना 2 ला संपते आणि ‘ब’ निघून घटना 3 ला संपते. 2 पासून 3 कडे डमी जाते. ‘क’ 2 पासून 4 ला, ‘ड’ 3 पासून 4 ला, ‘इ’ 4 पासून 5 ला आणि ‘फ’ 5 पासून 6 ला जाते. आता ‘ड’ ला अ आणि ब दोघांची वाट पाहावी लागते, ‘क’ ला फक्त ‘अ’ ची.

डमी कुठे लागेल हे आकृती काढण्याआधीच तक्त्यावरून ओळखता येते, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत उपयोगी सवय हीच आहे. शेवटच्या स्तंभातील दोन नोंदींची तुलना करावी. दोन्ही नोंदी तंतोतंत सारख्या असतील तर ती कामे एकाच वर्तुळातून निघू शकतात. त्यांच्यात एकही काम सामाईक नसेल तर प्रश्नच येत नाही. पण नोंदी अंशतः जुळत असतील, जसे ‘अ’ आणि ‘अ, ब’, तर तिथे डमी हवीच. तिची दिशाही यावरूनच ठरते: लहान नोंद इथल्यासारखी मोठ्या नोंदीत पूर्ण सामावत असेल, तर ती लहान नोंदीच्या वर्तुळातून मोठ्या नोंदीच्या वर्तुळाकडे जाते. बाण उलटा, म्हणजे 3 कडून 2 कडे काढला, तर ‘क’ विनाकारण ‘ब’ साठी अडकेल आणि ‘ड’ मात्र सेंटरिंगशिवायच सुरू होऊ शकेल.

डमी विसरल्याने होणारे नुकसान आकड्यांत पाहू. खऱ्या आकृतीत ब, ड, इ, फ ही साखळी सर्वांत लांब आहे: 6, 3, 1 आणि 1 मिळून 11 दिवस. हाच क्रिटिकल पाथ. ‘क’ चौथ्या दिवसाच्या अखेरीपासून कधीही सुरू करता येते आणि नवव्या दिवसाच्या अखेरीपर्यंत संपले तरी चालते, म्हणजे एका दिवसाच्या कामाला चार दिवसांची सवड आहे. चुकीच्या आकृतीत ‘क’ सहाव्या दिवसाच्या अखेरीपर्यंत सुरूच होत नाही आणि सवड दोनच दिवसांची उरते. एकूण मुदत दोन्हींत 11 दिवसच निघते, म्हणून ही चूक सहज लपते. इलेक्ट्रिशियनला मात्र दोन दिवस उशिरा बोलावले जाते. ‘क’ ला सहा दिवस लागत असते तर खरी मुदत 12 दिवस आली असती आणि चुकीच्या आकृतीने 14 सांगितले असते.

चुकीच्या आकृतीत आणखी एक दोष आहे: क आणि ड एकाच वर्तुळातून निघून एकाच वर्तुळात संपतात. पूर्वी संगणकाला काम ओळखून देण्यासाठी त्याच्या दोन टोकांचे क्रमांकच दिले जात, आणि अशा दोन कामांना एकच ओळख मिळाली असती. ड्यूपाँट कंपनीत 1957 च्या सुमारास आकाराला आलेली क्रिटिकल पाथ पद्धत आणि 1958 मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी तयार झालेली पर्ट पद्धत, या दोन्ही बाणांच्या आकृतीवर उभ्या होत्या. स्टॅनफर्डचे जॉन फाँडाल यांनी 1961 मध्ये बांधकाम व्यवसायासाठी संगणकाविना हाताने करता येणारी पद्धत मांडली, तेव्हा त्यांनी काम नोडवर ठेवले. त्यात डमीची गरजच उरली नाही. मोठ्या तक्त्यासाठी कमीत कमी किती डमी पुरतील हे शोधणे गणिती दृष्टीने अत्यंत अवघड वर्गात मोडते, हे कृष्णमूर्ती आणि देव यांनी 1979 मध्ये सिद्ध केले.

काढलेली आकृती बरोबर आहे की नाही, हे तपासायचे तर मूळ तक्ता झाकून ठेवावा आणि आकृतीवरूनच तो पुन्हा लिहावा. प्रत्येक बाणाच्या शेपटीशी जाऊन तिथे कोणकोणती कामे येऊन मिळतात ते पाहावे, डमी येत असेल तर तिच्या मागे जाऊन शोधावे, आणि मग दोन्ही तक्ते जुळवावेत. ‘इ’ च्या आधी क आणि ड असे लिहून झाल्यावर कोणी ‘फ’ च्या आधी क, ड, इ असे लिहिले असेल, तर तो दोष तक्त्यातलाच आहे. ‘लगेच आधीची’ या शब्दांचा अर्थ तिथे निसटला आहे.

आता समजा, काम सुरू होताना तक्त्यात एक ओळ वाढली: ‘ग, सळईकामाचे मोजमाप करून बिल देणे, 1 दिवस, ब नंतर’. नोडच्या आकृतीत एक चौकट काढायची, ‘ब’ कडून तिच्याकडे एक बाण ओढायचा आणि ती शेवटाशी जोडायची, एवढेच. बाणांच्या आकृतीत ‘ग’ घटना 3 मधून काढता येत नाही, कारण तिथे डमीतून ‘अ’ ही येऊन मिळते आणि बिल सेंटरिंगसाठी अडकून पडेल. म्हणून ‘ब’ ला स्वतःचे वेगळे वर्तुळ द्यावे लागते, तिथून ‘ड’ च्या सुरुवातीकडे दुसरी डमी न्यावी लागते, आणि बाण नेहमी लहान क्रमांकाकडून मोठ्याकडे जावा हा नियम पाळायचा तर ‘ड’ ची ओळख 3–4 ऐवजी 4–5 करून त्यापुढचे सगळे क्रमांक खोडून पुन्हा लिहावे लागतात.