रेषेचे नाव रेषेच्या टोकाला

जायकवाडी, माजलगाव, मांजरा, येलदरी आणि विष्णुपुरी या पाच धरणांचा जून ते मे असा पाणीसाठा एकाच रेषालेखात दाखवला, की एक्सेल पाच रंगांच्या रेषा काढते आणि कडेला सूचीची चौकट ठेवते. मांजराची रेष कोणती हे कळायला वाचणाऱ्याने आधी सूची बघायची, रंग लक्षात ठेवायचा, मग आलेखात तो रंग शोधायचा. हाच कागद काळा-पांढरा झेरॉक्स होऊन तालुक्याला गेला, तर लाल आणि हिरवी रेष सारखीच करडी दिसते. मग सूची असून नसल्यासारखी.

म्हणून नाव थेट रेषेच्या उजव्या टोकाला लिहावे. रेषेवर एकदा क्लिक केले की पूर्ण रेष निवडली जाते. मेच्या बिंदूवर पुन्हा क्लिक केले की तेवढा एकच बिंदू. ही दुसरी क्लिक राहिली, तर बाराही महिन्यांवर ‘मांजरा’ उमटते. बिंदूवर उजवी क्लिक करून Add Data Label घ्या, मग Format Data Label मध्ये Series Name वर खूण करा, Value वरची काढा आणि जागा Right ठेवा. अक्षरांना रेषेचाच रंग द्या. रेष पिवळी असेल तर मात्र गडद छटा घ्या, नाहीतर नाव वाचता येत नाही. शेवटी सूची काढून टाका आणि आलेखाचे क्षेत्र डावीकडे आत घ्या. ‘विष्णुपुरी’ मावेल एवढी जागा उजवीकडे हवी.

खरी अडचण येते ती दोन टोके जवळ आल्यावर. समजा, मेअखेर माजलगाव 43 टक्क्यांवर आणि मांजरा 41 वर आहे. आलेखाची उंची 8 सेंमी आणि अक्ष 0 ते 100, म्हणजे एक टक्का 0.8 मिमी. दोन टोकांत अंतर उरले 1.6 मिमी. 10 पॉइंटच्या देवनागरी ओळीला वर वेलांटी आणि खाली उकार धरून साधारण 5 मिमी लागतात, त्यामुळे नावे एकमेकांवर चढतात. कमी पडणारे 3.4 मिमी दोघांत वाटा: माजलगाव 1.7 मिमी वर, मांजरा तेवढेच खाली. क्रम उलटू देऊ नका. नाव फार सरकवावे लागले, तर टोकापासून नावापर्यंत बारीक करडी रेघ ओढा.

नाव त्या बिंदूला चिकटलेले असते, हेही ध्यानात ठेवा. पुढच्या जूनचा आकडा भरून रेष लांबवली, तरी नाव मेवरच राहते आणि रेषेच्या मध्येच लटकते. ते पुसून नव्या टोकाला पुन्हा लावावे लागते.

सगळी टोके एकाच पट्ट्यात दाटली असतील, तर टोकाचा हट्ट सोडा. रेषा जिथे सर्वांत लांब-लांब आहेत, बहुधा ऑक्टोबरच्या आसपास, तिथे रेषेच्या वरच नाव लिहा. आणि धरणे दहा-बारा असतील तर चर्चेतली दोन-तीनच रंगवून त्यांनाच नावे द्या, बाकीच्या रेषा फिक्या करड्या ठेवा.