गेफिटिनिबची उलटसुलट वाटचाल: मंजुरी, माघार आणि पुन्हा मंजुरी

जुनी केमोथेरपी १९४० च्या दशकात मस्टर्ड वायूच्या नातलग रसायनांपासून सुरू झाली. वेगाने विभागणाऱ्या पेशी मारायच्या, एवढाच तिचा हिशेब. केसांची मुळे, अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तरही वेगाने विभागते, त्यामुळे तेही सापडते. म्हणून रुग्णाला सोसवेल तेवढा जास्तीत जास्त डोस द्यायचा, ही पद्धत पडली. औषध नेमके कोणाला लागू पडेल, हे आधी ओळखायची सोय नव्हती.

पेशीत वाढीचा संदेश पुढे पाठवणाऱ्या कायनेज या प्रथिनांना अडवणाऱ्या टायरोसिन कायनेज इनहिबिटर या गटाने ते बदलले असे म्हणतात आणि पुरावा म्हणून २००१ मध्ये मंजूर झालेल्या इमॅटिनिबचे नाव घेतात. पण इमॅटिनिबला एक सवलत होती. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात पेशीला सतत ‘वाढ’ असा हुकूम देणारे बिघडलेले कायनेज एकच, आणि ते दाखवल्याशिवाय त्या आजाराचे निदानच पक्के होत नाही. रुग्ण निवडायचा प्रश्न तिथे आपोआप सुटला होता. फुफ्फुसाच्या कर्करोगात तो सुटला नाही, आणि माझ्या मते या औषधांचा खरा इतिहास तिथेच घडला.

गेफिटिनिब ही रोज एक घ्यायची गोळी. पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचे संदेश घेणाऱ्या ईजीएफआर या प्रथिनाचे कायनेज ती बंद करते. ज्या गाठींवर ईजीएफआर भरपूर, तिथे गोळी चालेल, असा तर्क होता. तो चुकला. २००३ मध्ये अमेरिकेत ती मंजूर झाली तेव्हा केमो घेऊन झालेल्या सुमारे दहा टक्के रुग्णांच्याच गाठी आकसलेल्या दिसल्या होत्या. पण ज्यांच्या आकसल्या, त्यांच्यात फरक काही दिवसांतच जाणवायचा. धूम्रपान न केलेले, स्त्रिया, पूर्व आशियाई वंशाचे आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा प्रकार असलेले रुग्ण त्यांत जास्त होते.

कारण २००४ मध्ये सापडले. ईजीएफआर किती आहे याला महत्त्व नव्हते, त्याचे जनुक बदललेले आहे का, म्हणजे त्यात उत्परिवर्तन आहे का, याला होते. जनुकाच्या एक्झॉन १९ या भागातला छोटा तुकडा गळालेला किंवा एक्झॉन २१ मधले एक अमिनो आम्ल बदललेले असले, तर पेशी त्या एकाच संदेशावर जगते. संदेश तोडला की ती मरते. त्याच वर्षाच्या अखेरीस, रुग्ण न निवडता घेतलेल्या सुमारे १,७०० जणांच्या चाचणीचा निकाल लागला: एकूण आयुष्य लक्षणीय वाढले नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने गोळी फक्त आधीपासून फायदा होत असलेल्यांपुरती ठेवली.

हा निर्णय आजही वादाचा आहे. हाती असलेल्या आकड्यांवर तो चूक म्हणता येत नाही. शिवाय जपानमध्ये या गोळीने फुफ्फुसाला सूज येऊन मृत्यू झाले होते. तरीही उत्परिवर्तनाचा शोध लागून वर्ष उलटले होते. जनुकाची तपासणी बंधनकारक करून औषध ठेवायचे, हा मार्ग निदान कागदावर तरी दिसत होता.

निकाल लावला तो २००९ मध्ये आलेल्या पूर्व आशियातल्या चाचणीने. उत्परिवर्तन असलेल्यांत आजार बळावण्याचा धोका केमोच्या तुलनेत निम्म्यावर आला. नसलेल्यांत तो जवळजवळ तिप्पट झाला. सगळ्यांचा एकत्र आलेख काढला तर गोळीची आणि केमोची अशा दोन्ही रेषा मध्येच एकमेकींना छेदत होत्या. एका सरासरीत दोन वेगळे आजार मिसळल्याची ती खूण. अमेरिकेत गोळी २०१५ मध्ये परतली, या वेळी उत्परिवर्तनाच्या अटीवर.

दरम्यान चेकपॉइंट इनहिबिटर आले होते: २०११ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी पहिले, नंतर फुफ्फुसासाठीही. ही औषधे गाठीला हात लावत नाहीत. प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवरचा ब्रेक काढतात, म्हणून त्यांचे दुष्परिणामही वेगळे: थायरॉइड, आतडे, फुफ्फुस यांवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला. त्यांना ‘टार्गेटेड’ म्हणावे का यावर मतभेद आहेत. रेणू ठरलेला, पण तो कर्करोगाचा बिघाड नव्हे. निवडीसाठी टी पेशींना थोपवणारे पीडी-एल१ हे प्रथिन गाठीच्या किती टक्के पेशींवर आहे ते मोजतात, आणि ही मोजपट्टी ढोबळ आहे.

ढोबळपणाचा फटका एका लहान चाचणीत दिसला. ईजीएफआर बदललेल्या आणि पीडी-एल१ असलेल्या रुग्णांना आधी पेम्ब्रोलिझुमॅब हे चेकपॉइंट औषध दिले. ११ रुग्णांनंतर चाचणी थांबवावी लागली. एकाच रुग्णाची गाठ आकसली होती, आणि फेरतपासणीत त्याचा उत्परिवर्तनाचा रिपोर्टच चुकीचा निघाला. शिवाय चेकपॉइंट औषधानंतर लगेच ओसिमर्टिनिब ही नंतरच्या पिढीची गोळी दिली, तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. उलट क्रमाने तो तसा दिसलेला नाही.

म्हणून अ‍ॅडेनोकार्सिनोमात पीडी-एल१ चा आकडा आधी हाती आला, तरी जनुकांचा रिपोर्ट येईपर्यंत अनेक डॉक्टर चेकपॉइंट औषध सुरू करत नाहीत. रुग्णाला थांबणे शक्यच नसेल, तर पहिल्या फेरीत फक्त केमो देतात.