दिवा दुप्पट केला तरी इलेक्ट्रॉनचा जोर तेवढाच

भाची बारावीला आहे. परवा तिच्या सराव परीक्षेचा पेपर माझ्यासमोर आपटला गेला. प्रश्न असा होता: सोडियमच्या पत्र्यावर ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पडतो आहे, त्याची तीव्रता दुप्पट केली, तर बाहेर पडणाऱ्या फोटोइलेक्ट्रॉनच्या कमाल गतिज ऊर्जेचं काय होईल? तिने लिहिलं होतं, "दुप्पट होईल, कारण जास्त उजेडात जास्त ऊर्जा असते." खाली मोठी लाल फुली आणि शून्य गुण. फुली का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मामा, जास्त उजेडात जास्त ऊर्जा असते की नाही? तूच सांग."

असते. तिच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पूर्ण बरोबर आहे, म्हणून तर ही चूक इतकी चिवट आहे. मी बरीच वर्षं बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं आणि हे उत्तर दरवर्षी निम्म्या वर्गाकडून आलं. एवढंच नाही, १९०० सालच्या कुठल्याही चांगल्या भौतिकशास्त्रज्ञानेही जवळपास हेच उत्तर दिलं असतं. प्रकाश म्हणजे लाट असं तेव्हा पक्कं ठरलेलं होतं. लाट जितकी उंच तितका तिचा धक्का मोठा, आणि प्रखर प्रकाश म्हणजे उंच लाट. मग इलेक्ट्रॉन जोरात उडायला नको का?

१९०२ साली जर्मनीत फिलिप लेनार्ड यांनी हेच तपासलं. निर्वात नळीतल्या धातूच्या पत्र्यावर त्यांनी कार्बन आर्क दिव्याचा प्रकाश पाडला. उडालेले इलेक्ट्रॉन समोरच्या दुसऱ्या पत्र्यावर पोहोचतात आणि तेवढा विद्युतप्रवाह मोजता येतो. आता या दुसऱ्या पत्र्याला थोडं ऋण विभव द्यायचं. इलेक्ट्रॉनही ऋणच, त्यामुळे त्यांना चढ लागतो. विभव वाढवत नेलं की प्रवाह कमी होत होत शून्यावर येतो, म्हणजे सगळ्यात जोरदार इलेक्ट्रॉनलाही तो चढ झेपेनासा होतो. शून्य जर ०.८ व्होल्टला आलं, तर त्या सगळ्यात जोरदार इलेक्ट्रॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट. सोपा, जवळजवळ घरगुती विचार आहे. लेनार्ड यांनी दिव्याची तीव्रता सुमारे हजारपट बदलून पाहिली. प्रवाह त्या प्रमाणात वाढला, पण तो ज्या विभवाला थांबत होता ते विभव तिथल्या तिथेच राहिलं. इलेक्ट्रॉनची संख्या वाढली होती, एकेकाचा जोर वाढला नव्हता.

त्याचं कारण आइनस्टाइन यांनी १९०५ साली मांडलं: प्रकाशाची ऊर्जा पुड्यांमध्ये येते आणि एक इलेक्ट्रॉन एका वेळी एकच पुडी घेतो. या पुडीला आज आपण फोटॉन म्हणतो. पुडीचा आकार ठरतो वारंवारतेवरून, म्हणजे लाट सेकंदाला किती वेळा हेलकावते त्यावरून. तीव्रता सांगते की सेकंदाला पत्र्यावर एकूण किती ऊर्जा येऊन पडते. वारंवारता तीच ठेवून उजेड वाढवला, तर पुड्या मोठ्या होत नाहीत, जास्त येतात.

रेल्वे स्टेशनवरची वजनाची यंत्रं आठवतात? एक रुपयाचं नाणं टाकलं की खडखडाट होऊन तिकीट बाहेर यायचं. तुमच्या खिशात आठ आण्यांची शंभर नाणी असली, म्हणजे एकूण पन्नास रुपये, तरी यंत्र ढिम्म. एकामागून एक टाकत बसा. त्या यंत्राला तुमच्याकडे एकूण किती पैसे आहेत याच्याशी घेणंदेणं नव्हतं, एका नाण्याची किंमत काय, एवढंच त्याला कळायचं.

आता भाचीचंच गणित करू. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये हवी असेल, तर १२४० या आकड्याला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचं. ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश: १२४० भागिले ४००, म्हणजे ३.१. सोडियममधून इलेक्ट्रॉन सुटायला किमान २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट खर्ची पडतात. याला कार्यफलन म्हणतात, कॉलेजात सगळे वर्क फंक्शनच म्हणतात. उरले ०.८. आइनस्टाइनचं समीकरण एवढंच आहे:

K = hν − φ

K ही इलेक्ट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा, hν ही फोटॉनची ऊर्जा, म्हणजे प्लँकचा स्थिरांक h गुणिले वारंवारता ν, आणि φ हे कार्यफलन. उजव्या बाजूला तीव्रता कुठेच नाही हे एकदा नीट बघा. ०.८ ही कमाल आहे, कारण खोलवरून आलेले इलेक्ट्रॉन वाटेत थोडी ऊर्जा गमावून बसतात.

या जांभळ्या प्रकाशाचा एक मिलिवॅटचा झोत घेतला, तर त्यात सेकंदाला सुमारे २००० लाख कोटी फोटॉन येतात. दोन मिलिवॅट केला तर ४००० लाख कोटी. यातले बहुतेक फुकट जातात, फार थोडे इलेक्ट्रॉन काढतात. पण जेवढे काढतात त्यांची संख्या दुप्पट होते आणि प्रत्येकाची कमाल मर्यादा ०.८च राहते. उलट ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर घ्या. त्याचा फोटॉन १.९ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. २.३च्या उंबरठ्याला तो पोहोचतच नाही, मग झोत एक मिलिवॅटचा असो की शंभर. जुन्या फोटो स्टुडिओतला डार्करूमचा लाल दिवा आठवून पाहा. त्या उजेडात कृष्णधवल फोटोचा कागद खुशाल हाताळता यायचा, आणि दार क्षणभर उघडं राहिलं की कागद वाया. कागदावरचं रसायन धातूपेक्षा वेगळं, पण लाल फोटॉन तोकडा पडतो हा मुद्दा तोच.

भाचीने इथे एक चांगला प्रश्न विचारला: "पण इलेक्ट्रॉन थोडी थोडी ऊर्जा साठवत का नाही?" लाटेच्या हिशोबाने त्याने साठवायलाच हवी. किती वेळ लागेल ते काढू. एक मिलिवॅट प्रकाश पाव एकरावर पसरला अशी कल्पना करा. एका अणूच्या वाट्याला येणारी जागा इतकी इवलीशी, की २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट गोळा व्हायला सहा आठवडे लागतील. म्हणजे दिवा लावायचा आणि दीड महिन्याने पहिला इलेक्ट्रॉन. प्रत्यक्षात अशी वाट कधीच पाहावी लागत नाही. १९२८ साली लॉरेन्स आणि बीम्स यांनी मोजलं, तर उशीर असलाच तर तो एका सेकंदाच्या काही अब्जांशांहून जास्त नव्हता. अंधुक उजेडातही पुडी अख्खीच येते. फक्त पुड्या विरळ येतात.

मग प्रश्न पडतो, की घरीदारी आपल्याला उलटं का वाटतं? माझ्या मते दोष आपल्या पिवळ्या बल्बचा आहे. रेग्युलेटर फिरवून बल्बचा उजेड वाढवला की तंतू तापतो आणि त्याचा रंगही बदलतो. आधी लालसर, मग पिवळा, मग पांढरट. तंतू २००० केल्विनवरून २८०० केल्विनवर गेला, तर त्याचा लाल प्रकाश वाढतो सुमारे २४ पट, आणि ४०० नॅनोमीटरचा जांभळा वाढतो सुमारे १७० पट. म्हणजे एकच बटण फिरवून आपण तीव्रताही बदलली आणि मोठ्या पुड्यांचं प्रमाणही. दोन वेगळ्या गोष्टी आयुष्यभर एकत्रच वाढताना पाहिल्या, तर त्या एकच वाटणार.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाच घोळ मी अनेकदा पाहिला. विद्यार्थी तीव्रता वाढवायला दिव्याचं व्होल्टेज वाढवतात, रंगीत काच थोडा निळा प्रकाश गळू देते, आणि थांबवणारं विभव खरंच वर सरकतं. मुलं विजयी चेहऱ्याने येतात, "सर, पुस्तक चुकलं!" यावर उपाय म्हणजे व्होल्टेजला हात लावायचा नाही; दिवा लांब-जवळ करायचा. तरीही आकडा जरासा हलतो. कारण प्रवाह शून्यावर धाडकन येत नाही, त्याची शेपटी हळूहळू विरते. उजेड जास्त असला की त्या शेपटीचा आणखी थोडा भाग मीटरला जाणवतो. वर समोरच्या पत्र्यावर उडालेला प्रकाश तिथूनही इलेक्ट्रॉन काढतो आणि उलटा प्रवाह मिसळतो.

या सगळ्या कटकटींशी सर्वांत नेटाने झुंजले ते अमेरिकेतले रॉबर्ट मिलिकन. धातूवर गंज चढला की मापं बिघडतात, म्हणून त्यांनी निर्वात नळीच्या आतच सुरी बसवली होती आणि बाहेरून चुंबकाने ती फिरवून सोडियमचा पृष्ठभाग ताजा तासून घ्यायचे. गंमत म्हणजे त्यांचा आइनस्टाइनच्या पुड्यांवर विश्वास नव्हता. १९१६ साली छापलेल्या त्यांच्या मापांनी समीकरण मात्र तंतोतंत खरं ठरलं, आणि त्यातून आलेला प्लँकचा स्थिरांक आजच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आत होता.

जाता जाता एक. मोबाइलच्या मागे चिकटवायची "रेडिएशन शोषणारी" चिप बाजारात मिळते, आणि टॉवरचे किरण पेशींमधले रेणू फोडतात असं ती विकणारा छातीठोकपणे सांगतो. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा फोटॉन एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सव्वा लाखाव्या भागाहूनही लहान असतो. रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. टॉवरची ताकद वाढवली तर ऊब वाढेल, त्यासाठी मर्यादाही घातलेल्या आहेत. पण पुडी तेवढीच चिमुकली राहणार. "उच्च फ्रिक्वेन्सीची सकारात्मक ऊर्जा" विकणाऱ्यांना तर ती फ्रिक्वेन्सी किती हर्ट्झ, एवढंच विचारावं.

भाचीला मी शेवटी उलटा प्रश्न घातला: झोत एक मिलिवॅटचाच ठेवला, पण ४००ऐवजी ३०० नॅनोमीटरचा घेतला तर? तिने आकडेमोड केली. फोटॉन ४.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे इलेक्ट्रॉनकडे १.८ उरणार. "पण मग फोटॉन कमी येणार! २००० नाही, १५०० लाख कोटीच." अगदी बरोबर. पुडी मोठी झाली आणि एकूण माल तेवढाच, तर पुड्या कमीच भरणार. प्रवाह त्यामुळे कमी होईल का, हे मात्र लगेच सांगता येत नाही. कारण उंबरठ्यापासून दूर गेल्यावर दर फोटॉनमागे इलेक्ट्रॉन निघण्याची शक्यताही बदलते.

तरी ती हटून बसली. "कितीही म्हणजे कितीही प्रखर लाल लेसर घेतला तरी नाही?"

इथे मला थोडं नमतं घ्यावं लागलं. एका वेळी एकच फोटॉन, हा नियम साध्या उजेडाचा आहे. अतिप्रखर लेसरच्या क्षणिक झोतात एक इलेक्ट्रॉन दोन फोटॉन एकदम गिळू शकतो. मारिया गेपर्ट-मायर यांनी १९३१ साली अशा दुहेरी घासाचं गणित मांडलं होतं. लाल फोटॉन दोन म्हणजे ३.८, त्यातून २.३ गेले, उरले १.५. म्हणजे लाल लेसरनेही इलेक्ट्रॉन निघाला! पण या झोताची तीव्रता दुप्पट केली, तर निघणाऱ्या इलेक्ट्रॉनची संख्या चौपट होते, आणि एकेकाची ऊर्जा? दीडच. त्याहून पुष्कळ ताकदीच्या लेसरात तीन-चार फोटॉनचे घास आणि इतरही चमत्कारिक प्रकार सुरू होतात. "ते परीक्षेत लिहू नकोस," मी म्हणालो. तिने पेपर घेतला आणि फुलीखाली पेन्सिलीने ०.८ लिहिलं.