AG4 मध्ये चांदी नसते

काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळांत सर्रास आढळणारा एक सेल म्हणजे SR626SW. त्याच्या जागी AG4 लिहिलेला सेल अगदी चपखल बसतो आणि घड्याळ लगेच सुरूही होतं. Ag हे चांदीचं रासायनिक चिन्ह, त्यामुळे हा सिल्व्हर ऑक्साईडच असणार, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात AG4 म्हणजे LR626, साधा अल्कलाईन सेल.

कोडमधली पहिली दोन अक्षरं सर्वांत महत्त्वाची. SR म्हणजे सिल्व्हर ऑक्साईड, LR म्हणजे अल्कलाईन. पुढच्या आकड्यातला 6 साधारण 6.8 मिलिमीटर व्यास सांगतो आणि 26 म्हणजे 2.6 मिलिमीटर जाडी. शेवटचं SW असेल तर सेल कमी वीज खाणाऱ्या काट्यांच्या घड्याळासाठी. नुसतं W असेल तर दिवा किंवा गजर असलेल्या घड्याळासाठी. हेच दोन सेल 377 आणि 376 या क्रमांकांनीही विकले जातात. 377A असं लिहिलेलं दिसलं, तर तो पुन्हा अल्कलाईनच.

फरक पडतो तो व्होल्टेजच्या वागण्यामुळे. सिल्व्हर ऑक्साईडचा सेल जवळजवळ अखेरपर्यंत 1.55 व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. (म्हणूनच मल्टिमीटर लावून त्यात किती जीव उरलाय, हे कळत नाही.) अल्कलाईन सुरू होतो 1.5 व्होल्टला, पण पहिल्या दिवसापासून उतरणीला लागतो.

हिशोब करून पाहू. घड्याळ सरासरी 1 मायक्रोअँपिअर घेत असेल आणि SR626SW मध्ये 26 मिलिअँपिअर-तास साठा असेल, तर 26,000 तास मिळतात, म्हणजे जवळपास तीन वर्षं. त्याच आकाराच्या अल्कलाईनमध्ये साठा मुळातच बराच कमी, आणि तोही पुरता वापरला जात नाही. कारण व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की मोटरला काटा ढकलण्याइतका जोर मिळत नाही. बॅटरी संपत आल्याची सूचना देणाऱ्या घड्याळांत सेकंदकाटा एकदम काही सेकंदांच्या उड्या मारू लागतो. अल्कलाईन घातला तर या उड्या सेलमध्ये बराच साठा शिल्लक असतानाच सुरू होऊ शकतात. शिवाय संपलेला अल्कलाईन आत विसरला, तर तो पाझरण्याचा धोका जास्त. पांढरट क्षार संपर्कपट्टीवर चढतो आणि गुंडाळीची केसासारखी तार खाऊन टाकतो. मग सेल नाही, मशीन बदलावं लागतं.

नवा सेल घेताना जुन्यावरचा कोड डोळे झाकून उतरवू नका. आधी कुणीतरी AG4 घातलेला असू शकतो. मशीनवर किंवा मागच्या झाकणाच्या आत सेलचा क्रमांक बहुधा कोरलेला असतो, तो खरा. SR621SW चा व्यासही 6.8 मिलिमीटरच, पण जाडी 2.1. ती अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली की मनगट हललं तरी संपर्क तुटतो. सेल बसवताना प्लास्टिकचा चिमटा वापरा. धातूचा चिमटा कडा आणि टोपी दोन्हींना एकदम टेकला, तर शॉर्ट होतो.