पाचास एक हे प्रमाण कुठून येतं?

एका टेकडीवर एकाच जातीची झुडपं आहेत असं धरू. त्यांचे दोनच गट करू, रोपं आणि मोठी झुडपं. दर वर्षी शंभर रोपांतली साठ रोपंच राहतात, दहा मोठी होतात आणि तीस मरतात. शंभर मोठ्या झुडपांपैकी साठ जगतात आणि त्या शंभरांच्या बियांतून अडीचशे नवी रोपं उगवतात. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी निवडलेले आहेत. हा सगळा नियम चार आकड्यांच्या मॅट्रिक्समध्ये मावतो:

```
0.6  2.5
0.1  0.6
```

वरची ओळ पुढच्या वर्षीची रोपं सांगते, खालची मोठी झुडपं; डावा स्तंभ यंदाच्या रोपांचा वाटा, उजवा यंदाच्या मोठ्या झुडपांचा.

सुरुवातीला टेकडीवर फक्त शंभर मोठी झुडपं आहेत, रोप एकही नाही. वर्षभरानं 250 रोपं आणि 60 झुडपं होतात, म्हणजे एका झुडपामागे 4.17 रोपं. दुसऱ्या वर्षी 300 आणि 61, प्रमाण 4.92. तिसऱ्या वर्षी 332.5 आणि 66.6, प्रमाण 4.99. आता उलट टोकाला जाऊन फक्त 600 रोपांपासून सुरुवात करू. पहिल्या वर्षी 360 आणि 60, प्रमाण 6. मग 366 आणि 72, प्रमाण 5.08. त्यानंतर 5.01. दोन्ही वाटा पाचाकडेच येतात, आणि एकूण संख्या दर वर्षी 1.1 पट होऊ लागते.

हा 1.1 म्हणजे मॅट्रिक्सची सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू, आणि (5, 1) हा तिचा आयगेनव्हेक्टर: पाच रोपं आणि एक झुडूप घेऊन मॅट्रिक्स चालवली की प्रमाण तेच राहतं, फक्त सगळं 1.1 पट होतं. ऑस्कर पेरोन या जर्मन गणितज्ञानं 1907 साली सिद्ध केलं की चौरस मॅट्रिक्समधले सगळे आकडे शून्याहून मोठे असतील, तर अशी एक धन आयगेनव्हॅल्यू असतेच, बाकी सगळ्या तिच्याहून आकारानं लहान असतात आणि तिच्या आयगेनव्हेक्टरमधला प्रत्येक घटक धन असतो.

असं का व्हावं? मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते इथेच आहे. वरची दोन उदाहरणं मुद्दाम टोकाची होती. खरी सुरुवात काहीही असो, ती या दोन टोकांचं मिश्रणच असणार. त्यामुळे एका वर्षानंतर प्रमाण 4.17 आणि 6 यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. दुसऱ्या वर्षी तेच कुंपण 4.92 ते 5.08 इतकं अरुंद होतं, तिसऱ्या वर्षी 4.99 ते 5.01. आकडे धन आहेत म्हणून प्रत्येक गट प्रत्येक गटात थोडी भर घालतो, आणि ही सरमिसळच कुंपण आवळत नेते. गॅरेट बर्कहॉफनं 1957 साली याच आवळण्याला नेमकं माप देऊन पेरोनचं प्रमेय सिद्ध केलं.

आवळण्याचा वेग दुसरी आयगेनव्हॅल्यू ठरवते. इथे ती 0.1 आहे, म्हणून पाचापासूनची तफावत दर वर्षी साधारण अकरापट घटते. तिचा आयगेनव्हेक्टर (−5, 1) आहे. उणे पाच रोपं टेकडीवर असू शकत नाहीत, आणि हा योगायोग नाही: धन मॅट्रिक्सचा दुसरा कुठलाही आयगेनव्हेक्टर सगळ्या घटकांनी धन नसतोच.

पण मॅट्रिक्समध्ये शून्यं शिरली की काय होतं? हॅरो बर्नार्डेली यांनी 1941 साली एका काल्पनिक भुंगेऱ्याचं उदाहरण दिलं. तो तीन वर्षं जगतो. पहिल्या वर्षीचे निम्मे पुढे जातात, दुसऱ्या वर्षीचे एक तृतीयांश, आणि तिसऱ्या वर्षी प्रत्येकामागे सहा नवे जन्मतात.

```
0    0    6
1/2  0    0
0    1/3  0
```

तिन्ही वयांचे तीन-तीन हजार घ्या. पुढच्या वर्षी 18000, 1500, 1000. मग 6000, 9000, 500. आणि मग पुन्हा 3000, 3000, 3000. हे चक्र कधीच थांबत नाही. (6, 3, 1) हा धन आयगेनव्हेक्टर इथेही आहे, त्याची आयगेनव्हॅल्यू 1. पण 1 इतक्याच आकाराच्या आणखी दोन संमिश्र आयगेनव्हॅल्यू तिच्या बरोबरीनं उभ्या आहेत, म्हणून कुंपण आवळतच नाही. जर्मन गणितज्ञ फ्रोबेनियसनं त्याआधीच, 1912 साली, हे कोडं उलगडलं होतं: प्रत्येक गटातून प्रत्येक गटाकडे वाट असेल तर धन आयगेनव्हेक्टर टिकतो, पण आयगेनव्हॅल्यूचं एकछत्री वर्चस्व टिकेलच असं नाही.

ओळखायचं कसं? मॅट्रिक्स स्वतःशीच गुणत राहा. एखाद्या टप्प्यावर सगळी शून्यं नाहीशी झाली, तर पेरोनचा निष्कर्ष पूर्ण लागू होतो. कुठवर गुणायचं तेही ठरलेलं आहे: n ओळींच्या मॅट्रिक्ससाठी n² − 2n + 2 घातापर्यंत शून्यं गेली नाहीत, तर ती पुढेही जाणार नाहीत. तीन ओळींसाठी हा घात पाच. बर्नार्डेलीच्या भुंगेऱ्याची शून्यं कधीच जात नाहीत. मात्र दुसऱ्या वर्षीच्या भुंगेऱ्यांनाही थोडी पिल्लं होऊ दिली, तर तीन वर्षांच्या फेऱ्यासोबत दोन वर्षांचा फेरा सुरू होतो, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि बरोबर पाचव्या घाताला शेवटचं शून्य जातं. त्यानंतर लाट हळूहळू विरते आणि वयांचं प्रमाण स्थिर होतं.